सातशे आले, चार राहिले

मागच्या वर्षी आमच्या वाचनालयाने एक जाहिरात केली. दोन आठवड्यांत तिच्यावर सातशे लोकांनी क्लिक केलं आणि त्यातल्या चार जणांनी प्रवेश घेतला. जाहिरातीवर ४,२०० रुपये खर्च झाले होते. म्हणजे एका प्रवेशामागे १,०५० रुपये, आणि वर्गाची फी होती ६००. हा हिशेब मी सेक्रेटरी साहेबांसमोर कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, लोकांना उर्दू नकोच आहे. आपण उगाच हट्ट करतोय."

मला ते पटलं नाही. नको असतं तर सातशे लोक आले कशाला? पण आले ते गेले कुठे, हेही मला सांगता येत नव्हतं. वर्ग चालू राहणार की बंद होणार, ते आता या एका प्रश्नावर अवलंबून होतं. समितीने पुढच्या सहा महिन्यांसाठी पैसे द्यायचे की नाही, हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार होतं.

वर्ग साधा आहे. मराठी वाचता येणाऱ्या माणसाला उर्दू लिपी शिकवायची. आठ आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी, ऑनलाइन. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. गझल देवनागरीत वाचणारे, आजोबांची जुनी पत्रं घरात पडून असलेले, जमिनीच्या जुन्या कागदांवरची अक्षरं लावायची असलेले असे लोक मला अधूनमधून विचारायचे. सुरुवातीच्या दोन तुकड्या ओळखीपाळखीतूनच भरल्या. तिसरीला ओळखी संपल्या. तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, "चाचा, गूगलवर जाहिरात टाकू. जे आधीच शोधतायत त्यांनाच दिसेल."

त्याने तसं केलं. कुणी "उर्दू शिकणे" किंवा "उर्दू वाचायला कसं शिकायचं" असं काही शोधलं की वर आमची जाहिरात दिसायची. तिच्यात तीन तुकडे होते: मराठीतून उर्दू लिपी शिका. आठ आठवडे, घरबसल्या. पहिला वर्ग मोफत. जाहिरात सुमारे ९,८०० वेळा दिसली आणि तिच्यावर ७०० क्लिक आले. शंभर वेळा दिसली तर सात जणांनी बोट लावलं. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे हा आकडा चांगला होता, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. जाहिरातीने तिचं काम केलं होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण मलाही ती तेव्हाच नीट कळली. अशा जाहिरातीत पैसे क्लिकचे जातात. माणूस आपल्या पानावर आला की आपल्या खात्यातून रक्कम वजा होते. मग तो प्रवेश घेवो की दोन सेकंदांत परत जावो. क्लिक म्हणजे दारापर्यंत आलेला माणूस. त्याने फॉर्म भरला, फोन केला, पैसे भरले, म्हणजे आपल्याला हवं ते केलं, तर त्याला या धंद्यात कन्व्हर्जन म्हणतात. शंभर क्लिकमागे किती कन्व्हर्जन, तो दर. आमचा दर शंभराला एकसुद्धा नव्हता.

आम्ही दोघं एका रविवारी हा गुंता सोडवायला बसलो. मी वर्गात एखादं पोर नापास झालं की आधी पेपर पुन्हा तपासतो, मग त्याने कोणत्या प्रश्नाला काय लिहिलं ते बघतो, आणि मगच त्याच्या अभ्यासाबद्दल बोलतो. इथेही तोच क्रम धरला.

पहिला प्रश्न होता, मोजणीच चुकली आहे का? जाहिरातीच्या खात्यात कन्व्हर्जनच्या रकान्यात शून्य दिसत होतं. पण पुतण्याने कन्व्हर्जन मोजायची सोयच लावली नव्हती, तेव्हा ते शून्य निरर्थक होतं. अनेकांचा घोळ इथेच होतो. प्रवेश होत असतात, फोन येत असतात, आणि स्क्रीनवर काही दिसत नाही. किंवा उलट, पान नुसतं उघडलं तरी कन्व्हर्जन म्हणून मोजलं जातं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. आम्ही स्क्रीन बाजूला ठेवली आणि वाचनालयाचं रजिस्टर काढलं. जाहिरातीच्या दोन आठवड्यांत अकरा फोन, चार प्रवेश. म्हणजे रोग खरा होता.

दुसरा प्रश्न, आलेले लोक आपले होते का? खात्यात एक अहवाल असतो, लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले तेव्हा आपली जाहिरात दिसली याचा. सगळे शब्द त्यात दिसत नाहीत, पण बरेच दिसतात. तो वाचताना मला हसू आलं. कुणी मराठी वाक्याचं उर्दू भाषांतर शोधत होतं, कुणी स्टेटसला टाकायला शायरी, कुणी मुलीसाठी उर्दू नावं. पुतण्याने शब्द ठरवताना पर्याय सैल ठेवला होता, म्हणून गूगलने जवळपासचं सगळं गोळा करून आणलं होतं. यादीत दिसणारे असे दीडशेच्या आसपास क्लिक निघाले. हे आमचे लोक नव्हतेच. "भाषांतर", "शायरी", "स्टेटस", "नावं" हे शब्द नको असलेल्यांच्या यादीत टाकले, म्हणजे पुढे त्यांच्यासाठी जाहिरात दिसणार नाही.

पुतण्याला वाटलं, सापडलं कारण. पण मी वजाबाकी केली. सातशेतून दीडशे गेले तरी साडेपाचशे उरतात, आणि प्रवेश चारच. दर किंचित सुधारला, तरी शंभराला एकाच्या खालीच राहिला. "उर्दू लिपी मराठीतून" इतकं नेमकं टाइप करून आलेला माणूससुद्धा परत जात होता. याचा अर्थ बिघाड जाहिरातीच्या पुढे होता, क्लिक केल्यावर जे पान उघडतं तिथे. त्या पानाला लँडिंग पेज म्हणतात. माणूस जिथे उतरतो ते पान.

आमचं लँडिंग पेज म्हणजे वाचनालयाच्या वेबसाइटचं पहिलं पान होतं. पुतण्याने जाहिरातीत पत्ता द्यायच्या जागी तोच दिला होता, कारण आमच्याकडे दुसरा पत्ता नव्हता. आम्ही दोघांनी ते पान शंभर वेळा पाहिलेलं. त्यात वावगं काही दिसेना.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये आमच्या मराठीच्या मॅडमना बसवलं. बारा वर्षं आम्ही एकाच शाळेत आहोत, आणि उर्दू शिकायचं त्या बारा वर्षं म्हणताहेत. त्यांना जाहिरातीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "हे तुम्हाला दिसलं तर दाबाल का?" त्या म्हणाल्या, "लगेच." मग त्यांच्याच फोनवर वाचनालयाचं पान उघडून दिलं. खऱ्या जाहिरातीवर दाबायला लावलं असतं तर फुकट पैसे गेले असते. त्यांना एवढंच सांगितलं की जे मनात येईल ते मोठ्याने बोला, मी मध्ये बोलणार नाही.

पान उघडायला वेळ लागला. वर फिरते फोटो होते, स्नेहसंमेलनाचे आणि झेंडावंदनाचे, कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. फोटो आले. त्यांच्यावर वाचनालयाचं नाव, सुंदर नस्तालिक अक्षरात. खाली इंग्रजीत "वेलकम". त्याच्या खाली संस्थापकांचा संदेश, तोही उर्दूत.

मॅडम म्हणाल्या, "सर, मी चुकीच्या ठिकाणी आले वाटतं."

मी गप्प राहिलो. त्यांनी बोटाने पान खाली ओढलं. संस्थेचा इतिहास, पदाधिकाऱ्यांचे फोटो, देणगीसाठी बँकेचा तपशील. "वर्ग कुठे आहे?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. मेनू उघडला. ॲक्टिव्हिटीज, त्यात क्लासेस, त्यात टायपिंग, शिवणकाम, स्कॉलरशिप परीक्षा आणि सगळ्यात शेवटी "उर्दू सर्टिफिकेट कोर्स". त्या थांबल्या. "हाच का तो? पण मला सर्टिफिकेट नकोय, वाचायला शिकायचंय." तरी दाबलं. एक पीडीएफ फॉर्म उतरला. छापून भरायचा, दोन पासपोर्ट फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स आणि ६०० रुपये घेऊन सकाळी ११ ते ५ या वेळेत कार्यालयात जमा करायचा.

"सर," त्या म्हणाल्या, "पहिला वर्ग मोफत होता ना? आणि घरबसल्या म्हणता, तर फॉर्म द्यायला कार्यालयात कशाला?" मग फोन माझ्या हातात देत हसून म्हणाल्या, "आणि एक सांगू? वरचं सगळं मला वाचताच येत नाही. वाचता आलं असतं तर शिकायला कशाला आले असते?"

त्यांचं शेवटचं वाक्य ऐकून मी शाळेतून घरी जाईपर्यंत अस्वस्थ होतो. आम्ही लोकांना बोलावलं होतं की तुम्हाला ही अक्षरं येत नसतील तर या, आणि दारावर पाटी त्याच अक्षरांत लावली होती. मला स्वतःला ती येतात, म्हणून इतकी वर्षं ती पाटी मला अडथळा वाटलीच नाही. आलेल्या माणसाला मात्र तिने सांगितलं असणार की ही जागा ज्यांना येतं त्यांची आहे, तुमची नाही. आमचा हेतू नेमका उलटा होता.

आता या सगळ्याकडे थोडं शांतपणे बघू. मॅडमनी जे केलं ते प्रत्येक जण करतो. जाहिरात वाचताना माणसाच्या मनात एक चित्र तयार होतं. पान उघडलं की पहिल्या काही सेकंदांत तो त्या चित्राच्या खुणा शोधतो. तेच शब्द दिसतात का, तीच भाषा आहे का, कबूल केलेली गोष्ट समोर आहे का. खुणा जुळल्या तर तो पुढे वाचतो. नाही जुळल्या तर पान चांगलं की वाईट हे ठरवायलाही थांबत नाही, मागचं बटण दाबतो. अमेरिकेत झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात या वागण्याचा अभ्यास केला. त्यांनी त्याला "माहितीचा वास" अशा अर्थाचं नाव दिलं. प्राणी वासाच्या मागे भक्ष्य शोधतो, वास तुटला की वाट बदलतो; माणूसही माहिती शोधताना तसाच वागतो. आमच्या जाहिरातीला वास होता. पानावर पाऊल टाकताच तो तुटत होता.

घरी येऊन मी पुतण्याला वेबसाइटची आकडेवारी काढायला लावली. गूगलची मोजणी एखाद्या भेटीला "गुंतलेली" कधी म्हणते? माणूस दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दुसरं पान उघडलं, किंवा आपण महत्त्वाची म्हणून ठरवलेली एखादी कृती केली, तर. जाहिरातीवरून आलेल्या दहापैकी जेमतेम दोन भेटी या मापाला उतरत होत्या. बाकीच्यांनी मेनूसुद्धा उघडला नव्हता. शिवाय ७०० क्लिक झाले असले तरी पानावर पोहोचल्याची नोंद ५९० चीच होती. असा फरक थोडाफार नेहमीच असतो आणि त्याची कारणं बरीच असतात, पण त्यातले काही जण नक्कीच ते जड फोटो उघडायची वाट बघून कंटाळले असणार. जवळजवळ सगळे फोनवरून आलेले होते. फोनवर पीडीएफ छापणार कोण?

जाहिरातीच्या खात्यातही एक खूण आमची वाट बघत बसली होती. गूगल प्रत्येक शब्दाला दहापैकी गुण देतं, आणि ते कशावरून दिले हे तीन भागांत सांगतं: जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि लँडिंग पेजचा अनुभव. पहिले दोन आमचे चांगले होते. तिसऱ्यापुढे "सरासरीपेक्षा कमी" असा शेरा होता. दोन आठवडे तो तिथे होता, आणि आम्ही फक्त क्लिक बघत होतो.

एवढं झाल्यावर मूळ गोष्ट माझ्या लक्षात आली. जाहिरात पुतण्याने लिहिली होती, अनोळखी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून. वेबसाइट चार वर्षांपूर्वी एका कॉम्प्युटरवाल्याने केली होती, सभासद आणि देणगीदारांसाठी. फॉर्म सेक्रेटरी साहेबांचा होता, ऑडिटच्या फायलीसाठी. तीन माणसं, तीन वेगळ्या माणसांशी बोलत होती, आणि शिकायला आलेल्याला त्या तिघांच्या मधून वाट काढावी लागत होती. यात कुणाचं काम वाईट नव्हतं. पहिलं पान सभासदांसाठी आजही ठीक आहे. फक्त त्या जाहिरातीच्या पुढे ते ठेवायला नको होतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. पान जाहिरातीसारखं करायचं, किंवा जाहिरात पानासारखी. बहुतेक जण पहिल्याचाच विचार करतात. आमच्याकडे दुसऱ्याचाही प्रश्न होता, कारण "पहिला वर्ग मोफत" हे वाक्य पुतण्याने स्वतःच्या मनाने टाकलं होतं. बैठकीत ते उघड झालं तेव्हा सेक्रेटरी साहेब त्याच्यावर चिडले. "कुणाला विचारून मोफत लिहिलंस?" पोरगं खाली मान घालून बसलं. मी म्हटलं, "साहेब, दोनच गोष्टी करता येतील. वाक्य काढू, किंवा पाळू. लिहायचं आणि पाळायचं नाही, हे चालणार नाही. ज्या माणसाने ते वाचून क्लिक केलं त्याला आपण शब्द दिलाय." थोडी चर्चा झाली. पहिला वर्ग तसाही अक्षर-ओळखीचा असतो, दहा जण जास्त बसले तर खर्च वाढत नाही, हे सगळ्यांना पटलं. वाक्य पाळायचं ठरलं. आणखी दोन आठवड्यांसाठी ३,००० रुपये मिळाले, शेवटचे.

मग आम्ही फक्त या जाहिरातीसाठी एक नवं पान केलं. जुन्या वेबसाइटला हात लावला नाही. नव्या पानावर सगळ्यात वर जाहिरातीतलंच वाक्य मराठीत ठेवलं: "मराठीतून उर्दू लिपी शिका". सर्टिफिकेट हा शब्द कुठेही नाही. त्याखाली एक ओळ: आठ आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी ७ ते ८, ऑनलाइन, पहिला वर्ग मोफत, पुढे चालू ठेवलंत तर फी ६०० रुपये. मग एकच फोटो, लहान केलेला, माझ्या फळ्याचा. त्यावर एक उर्दू शब्द, आणि त्याचं प्रत्येक अक्षर सुटं करून खाली देवनागरीत लिहिलेलं. उर्दू अक्षर पानावर होतंच, पण आता ते समजावून दिलेलं होतं. फॉर्ममध्ये दोनच रकाने, नाव आणि व्हॉट्सॲप नंबर. बटणावर "सबमिट" नाही, "मोफत वर्गात जागा ठेवा" असं लिहिलं. ओळखपत्र आणि बाकीची कागदपत्रं फी भरताना घ्यायची, असं सेक्रेटरी साहेबांनी कुरकुरत मान्य केलं. वर मेनू ठेवला नाही, म्हणजे माणूस शिवणकामाकडे भरकटणार नाही.

पान मॅडमना दाखवलं. त्यांनी पाच-सहा सेकंद बघितलं आणि नाव टाकायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा, अजून चालू नाही झालं." त्या म्हणाल्या, "मग चालू करा की."

जाहिरातीतही एक बदल केला. दुसऱ्या ओळीत दिवस आणि फी लिहिली. पुतण्याचा विरोध होता. "चाचा, फी दिसली की क्लिक कमी होतील." मी म्हटलं, "होऊ देत. ज्याला ६०० जास्त वाटतात त्याने बाहेरूनच परत जावं. आत येऊन परत गेला तर आपले सहा रुपये जातात." झालंही तसंच. पूर्वी शंभरात सात जण क्लिक करायचे, आता साडेपाच. नुसते क्लिक बघणाऱ्याला ही घसरण वाटली असती.

दोन आठवड्यांनी ३,००० रुपयांत ५०० क्लिक झाले. मोफत वर्गासाठी ३१ जणांनी नाव दिलं. १९ जण प्रत्यक्ष वर्गात आले. १२ जणांनी फी भरली. एका प्रवेशाला २५० रुपये पडले.

हे आकडे बैठकीत सांगताना पुतण्या म्हणाला, "चारावरून एकतीस!" मी त्याला तिथेच थांबवलं. ही तुलना खोटी आहे. आधीचे चार फी भरलेले होते, हे एकतीस नाव दिलेले. कन्व्हर्जनची व्याख्या बदलली की दर आपोआप फुगतो, आणि माणूस स्वतःलाच फसवतो. तुलना करायची तर फी भरलेल्यांची करायची: सातशेमागे चार आणि पाचशेमागे बारा. ही वाढही पुरेशी आहे, तिला फुगवायची गरज नाही.

आणखी एक कबुली देतो. ती सगळी वाढ पानामुळेच झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नको असलेले शब्द आम्ही त्याच वेळी काढले, जाहिरातीची ओळही बदलली. शास्त्रशुद्ध करायचं तर एकच जाहिरात ठेवून अर्ध्या लोकांना जुनं पान आणि अर्ध्यांना नवं दाखवावं लागतं, आणि चार-बारा इतक्या लहान आकड्यांवर निकाल लावता येत नाही. आमच्याकडे त्यासाठी पैसे नव्हते. पण नव्या पानावर दहापैकी सहा भेटी "गुंतलेल्या" निघाल्या, पूर्वी दोन होत्या. आणि हा फरक फक्त नेमके शब्द टाइप करून आलेल्यांचा वेगळा पाहिला तरी टिकला. शब्द गाळल्याने तो आला नव्हता हे त्यावरून मी मानतो.

पानाने जे सुटत नाही तेही दिसलं. मोफत वर्गाला आलेल्या १९ पैकी सात जण पुढे आले नाहीत. मी प्रत्येकाला फोन केला. चौघांना शनिवारी संध्याकाळी दुकान असतं. दोघांना बोलायला शिकायचं होतं, लिपी नाही. एकाने फोन उचलला नाही. दुकानवाल्यांसाठी पान कितीही सुधारलं तरी ते येणार नाहीत; त्यांना सकाळची तुकडी हवी. आधीच्या जाहिरातीच्या वेळी हे मला कळलंच नसतं, कारण तिथपर्यंत कुणी पोहोचतच नव्हतं.

तुमची एखादी जाहिरात अशी असेल, मसाल्यांची, शिकवणीची, रक्तदान शिबिराची, की क्लिक येतात आणि माणूस येत नाही, तर आधी मोजणी आणि शब्द तपासा. मग जाहिरातीचा फोटो आणि पान शेजारी शेजारी ठेवून, तुमच्या संस्थेबद्दल काही माहीत नसलेल्या एका माणसाला फोन द्या आणि गप्प बसा. आम्हाला ती दहा मिनिटं सातशे क्लिकपेक्षा स्वस्त पडली असती.

वर्ग चालू राहिला. मराठीच्या मॅडम त्या बारांत होत्या. आता त्या माझ्या फळ्यावरचं उर्दू सुभाषित स्टाफरूममध्ये अडखळत वाचून दाखवतात आणि नुक्ता चुकला तर मलाच बोल लावतात. मागच्या महिन्यात सकाळची तुकडी काढायचं ठरलं. पुतण्या म्हणाला, जाहिरातीत "दुकानदारांसाठी सकाळी ७ वाजता" असं लिहू, पान तेच चालेल.

सेक्रेटरी साहेब चष्मा पुसत होते. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "पण त्या पानावर तर संध्याकाळची वेळ आहे ना?"